पारी फुटली नाही, पण केव्हा? सणाच्या जाहिरातीतले ग्राहकांचे शब्द

नमस्कार. माझ्या हातातल्या या कागदावर व्हॉट्सॲपवरचा एक निरोप उतरवून घेतला आहे. मालवणजवळचा एक महिला बचत गट उकडीच्या मोदकांचे पीठ, आमसुले आणि कोकम आगळ विकतो, आणि त्यांच्या यंदाच्या गणेशोत्सवाच्या जाहिरातीचे काम माझ्याकडे आहे. पीठ विकले जाते चतुर्थीच्या आधी आणि मोदक होतात चतुर्थीला, त्यामुळे जाहिरातीसाठी गेल्या वर्षीचेच अभिप्राय हाताशी असतात. त्यांतला हा एक:

“ताई, पीठ छान होतं. पहिल्या उकडीला पारी फुटत होती, मग तुम्ही फोनवर सांगितलंत तसं वाटीला वाटी आणि वर दोन चमचे पाणी घेतलं, तेव्हा एकही मोदक फुटला नाही. सासूबाईंनाही आवडले. पार्सल मात्र उशिरा, आदल्या रात्री हातात पडलं.”

एवढा मजकूर जाहिरातीच्या चौकटीत मावत नाही, तेव्हा कापणे आलेच. गटातल्या एका ताईंनी कापून आणलेला मजकूर असा होता: “पीठ छान होतं. एकही मोदक फुटला नाही. सासूबाईंनाही आवडले.” यातला प्रत्येक शब्द त्या ग्राहक बाईंचाच आहे, तरीही हे त्यांचे म्हणणे नाही. मोदक फुटला नाही तो पाणी वाढवल्यावर, आणि नेमकी तीच अट कात्रीखाली गेली. ही जाहिरात वाचून दादरची एखादी गृहिणी सवयीप्रमाणे वाटीला वाटी पाणी घेईल, उकड कोरडी राहील, कळ्या पाडताना पारीला चिरा जातील, आणि तिला वाटेल की कौतुक खोटे होते.

म्हणून मी कापताना एक नियम पाळते: कौतुकाला “तेव्हा”, “मग”, “पण”, “जर” अशा शब्दांनी जी अट जोडलेली असते, ती कौतुकाबरोबरच राहते, आणि लांबी कमी करायची ती इतरत्र. आमचा मजकूर असा झाला: “पहिल्या उकडीला पारी फुटत होती, मग … वाटीला वाटी आणि वर दोन चमचे पाणी घेतलं, तेव्हा एकही मोदक फुटला नाही.” जिथे शब्द गाळले तिथे तीन टिंबे दिली. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला माझी हरकत नसते, पण शब्द बदलायला असते. दोन ग्राहकांची दोन वाक्ये जोडून एकाच्या नावावर घालणे तर कधीच नाही. चित्रफितीत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण कागदावर टिंबे दिसतात, पण दोन वाक्यांमधला “पण” सफाईने कापला तर पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता उशिरा आलेल्या पार्सलचे काय? जाहिरात फक्त पिठाबद्दल बोलत असती, तर ते वाक्य गाळणे मला चालले असते. पण आमच्या मसुद्यात वरच्या बाजूला “चतुर्थीआधी हमखास घरपोच” असे ठळक अक्षरांत होते. गटाने जपून ठेवलेले सगळे, म्हणजे चौतीस निरोप आम्ही वहीत उतरवले, तेव्हा त्यांतल्या सहांमध्ये पार्सलच्या उशिराची तक्रार निघाली. अशा वेळी उशिराचे वाक्य कापून वर “हमखास” ठेवणे ही सरळ फसवणूक आहे. आम्ही “हमखास” काढले आणि त्या जागी मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख घातली. अभिप्राय निवडण्याआधी सगळे वाचून काढायचे ते यासाठीच, कारण आवडते पाच उचलले की उरलेले काय सांगत होते ते कोणी विचारत नाही.

निवडताना गटातल्या सभासदांचे नातेवाईक मी बाजूला ठेवले. वहीत एका काकूंचा निरोप होता, “आईची आम्लपित्ताची गोळी तुमच्या आगळाने सुटली,” आणि तोही मी वगळला. काकू मनापासून बोलल्या असतील, पण जाहिरातीत छापले की तो दावा विक्रेत्याचा होतो, आणि खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा करायला अन्नसुरक्षेच्या 2018 च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनुसार मनाई आहे.

मालवणी निरोपांबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलायला हवे. एका आजोबांनी लिहिले होते, “पीठ बरा होता. मोदक फुटाक नाय.” गटाला हे फारच फिके वाटले, आणि कोणी तरी त्याचे “पीठ अप्रतिम होते” असे प्रमाण मराठी करून आणले. आपल्याकडे “बरा” म्हणणे हीच मोठी पावती असते हे मलाही ठाऊक आहे, पण त्या पावतीवरची रक्कम आपण वाढवायची नसते. निरोप मालवणीतच छापला, कारण ज्या चाकरमान्यांसाठी ही जाहिरात आहे, त्यांना त्या “बरा”चे वजन कोणी समजावून सांगावे लागत नाही.

कापलेला मजकूर छापण्यापूर्वी मी तो ज्याचा त्याला परत पाठवते आणि शब्द, नाव, गाव व फोटो या चारही गोष्टींची परवानगी वेगवेगळी विचारते, कारण शब्दांना होकार देणारा माणूस फोटोला नकार देऊ शकतो. मोबाइलच्या पडद्याचे चित्र वापरायचे असेल, तर नंबर आणि फोटो झाकायचा, पण त्या चित्रात नव्याने अक्षरे टाईप करायची नाहीत. मोदकवाल्या बाईंनी शब्दांना आणि गावाला होकार दिला, नावाला नाही. सासूबाईंचे वाक्य आम्ही जागेअभावी आधीच गाळले होते, तरी त्यांनी आवर्जून कळवले, “ते नकोच, त्या फक्त ‘जमलं हो’ म्हणाल्या होत्या.”

सगळे जुळून आले असे वाटत असतानाच गटाकडून कळले की यंदा पिठासाठी तांदूळ वेगळा घेतला आहे. तांदूळ बदलला की पीठ किती पाणी ओढते तेही बदलते, म्हणजे दोन चमच्यांचा तो अभिप्राय आता बाजारात नसलेल्या पिठाबद्दल ठरला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणेही जाहिरातीतले मत खरे, बऱ्यापैकी ताजे आणि प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले असावे लागते. मग आम्ही त्याच बाईंना आणि आणखी दोघींना नव्या पिठाचे एकेक किलो पाकीट पाठवले, आणि तिघींनी संकष्टीला मोदक केले. त्यांना एवढेच विचारले की उकड काढताना काय झाले ते लिहा. “आधीपेक्षा छान झाले ना?” असे विचारले असते, तर उत्तर आमच्याच तोंडचे आले असते.

पाकिटे फुकट दिली होती, हा देणारा आणि घेणारा यांच्यातला संबंध झाला, आणि तो वाचकाला दिसला पाहिजे. तो तळाशी बारीक अक्षरांत न घालता अभिप्रायाच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत दिला. छापायला गेलेला मजकूर आता वाचून दाखवते:

“यंदाच्या पिठाला वाटीवर तीन चमचे पाणी लागलं. दोन चमच्यांवर एक-दोन कळ्या उलल्या, तीनवर नाही. — एक ग्राहक, चिपळूण. चवीसाठी पीठ गटाने विनामूल्य दिले होते.”