चांगल्या माणसांचा शेजार

(दृश्य : ड्रोनमधून शेत. पहाटेचं धुकं.)

नांगराची तासं बघा. सरळ येतात, मधोमध आल्यावर वळतात, एका गोलाला वळसा घालतात आणि पुन्हा सरळ होतात. गोलाभोवती मातीचा बांध आहे, बांधाबाहेर बुजत आलेला खंदक आणि वर काटेरी हॉथॉर्नची झाडं. आतली जमीन कसदार आहे, पण तिथे कुणी पेरत नाही.

आयर्लंडमध्ये याला लिस म्हणतात. देशभरात असे अंदाजे ४५,००० गोल नोंदलेले आहेत. बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळातले, साध्या शेतकऱ्यांची घरं होती ती. बांधाच्या आत कुडाचं घर, रात्री गुरंही आतच. एक गोल साधारण तीस मीटर रुंद, म्हणजे आपल्या चांगल्या ऐसपैस अंगणाएवढा. माणसं निघून गेली, कूड कुजला, बांध राहिला. मागून आलेल्या पिढ्यांनी ठरवलं की घर रिकामं नाही. आत कुणीतरी राहतं.

(दृश्य : बांधावरचं एकटं हॉथॉर्न, पांढरा बहर.)

कोण राहतं? आपण त्यांना पऱ्या म्हणू, पण हा शब्द इथे दिशाभूल करतो. पंख नाहीत, छडी नाही. ती माणसासारखी माणसंच. त्यांची गुरं आहेत, लग्नं होतात, दुसऱ्या प्रांतातल्या जमातींशी लढाया होतात. टेकाडाला आणि त्यात राहणाऱ्यांना आयरिश भाषेत एकच शब्द आहे, शी. ईस शी म्हणजे टेकाडातली मंडळी. मात्र गावातलं कुणी हे नाव सहजी तोंडावर आणत नाही.

पहिला नियम नावाचाच. त्यांना 'दीने माहा' म्हणायचं, चांगली माणसं. इंग्रजीत बोलताना 'जेंट्री', म्हणजे प्रतिष्ठित मंडळी. ती कुठेही असू शकतात, बोललेलं ऐकतात, म्हणून गौरवाचंच बोलायचं. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. वेल्समध्येही अगदी तसंच. तिथे त्यांना 'गोरं घराणं' म्हणतात.

(दृश्य : लोकजीवन संग्रहालयातलं जुनं स्वयंपाकघर. चूल, पाण्याचं भांडं, झाडू. कॅमेरा सावकाश फिरतो.)

आता या खोलीत थोडं थांबू या, कारण सगळे नियम इथे राहतात.

रात्र झाली. घरातली बाई चुलीपुढचा भाग झाडते. धुमसणारे निखारे राखेखाली झाकते, म्हणजे सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार. एका भांड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवते. घर झोपलं की ती मंडळी येऊन चुलीपाशी बसतील. त्यांना जागा मोकळी हवी आणि पाणी ताजं हवं. दिवसभर राबलेल्यांनी पाय धुतलेलं पाणी मात्र रात्रभर घरात ठेवायचं नाही, ते बाहेर फेकायचं. आणि फेकण्याआधी मोठ्याने सांगायचं : सांभाळा, पाणी येतंय! अंधारात दारापुढून कोण चाललंय, आपल्याला दिसत नाही. चालणाऱ्याच्या अंगावर पाणी पडता कामा नये.

मला या सगळ्यात ही हाक सर्वांत जास्त आवडते. न दिसणाऱ्यालाही ओलं करायचं नाही, एवढा विचार रोज रात्री, दिवसभर राबून, थकल्या अंगाने कुणीतरी करत होतं.

घर बांधतानाही त्यांना विचारायचं. ठरवलेल्या जागेच्या चार कोपऱ्यांवर संध्याकाळी चार दगड ठेवायचे. सकाळी दगड जागच्या जागी असले तर बांधा. एखादा हलला असला, तर जागा त्यांच्या वाटेवर आहे, थोडं सरकून बांधा. त्यांची वाट एका लिसपासून दुसऱ्या लिसपर्यंत सरळ जाते असं मानत. वाटेत घर आलं तर घरातली गुरं मरतात, मुलं आजारी पडतात. घर बांधून झाल्यावर असा संशय आला, तर घराचा कोपरा तासून वाट मोकळी करून दिल्याच्या गोष्टी सांगतात.

(दृश्य : उंच लाकडी चर्न. दोन हात दांडा वरखाली करतात. आवाज तसाच ठेवावा.)

हा आवाज ऐका. हे घुसळण आहे, पण आपल्या रवीसारखं फिरवायचं नाही. बुडाशी रुंद, वर निमुळतं होत गेलेलं पिंप, झाकणाला भोक, त्यातून लाकडी दांडा. दांडा वरखाली करायचा. साय ठीक असली तर अर्ध्याएक तासात आवाज बदलतो, जड होतो, आणि लोण्याचे कण दांड्याला चिकटायला लागतात.

कधी मात्र तास गेला, दोन तास गेले, हात गळून आले, तरी वर नुसता फेस. घराला हे परवडणारं नव्हतं. लोणी विकूनच भाडं भागायचं. मग म्हणायचे, लोणी नेलं. कधी बोट 'त्यांच्याकडे' जायचं, कधी वाईट डोळ्याच्या शेजारणीकडे.

म्हणून घुसळण चालू असताना नियम कडक. घरातून विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नाही, शेजाऱ्याला पाईप पेटवायलासुद्धा निखारा द्यायचा नाही. जो कुणी दारात येईल त्याने आधी 'देव तुमच्या कामाला यश देवो' म्हणायचं आणि दांडा हातात घेऊन चार वेळा तरी घुसळायचं. तसं न करता निघून गेला, तर लोणी त्याच्याबरोबर गेलं. पाहुणचाराचा नियम इथे पाहुण्यावर येतो. आणि चर्नच्या बुडाला गाढवाची किंवा घोड्याची नाल ठोकायची. लोणी येईनाच झालं, तर तापवलेलं लोखंड चर्नखाली सरकवायचं.

आता दूधदुभत्यातल्या कुणालाही विचारा, लोणी न येण्याचं कारण बहुतेक वेळा सायीची ऊब असते. साय फार गार असली की घुसळूनही लोण्याचे कण एकमेकांना धरत नाहीत. नुसता फेस येतो. फार गरम असली तर लोणी मऊ, तेलकट होतं. पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास ते बरं जमतं. गार हवेच्या दिवशी तापलेलं लोखंड चर्नखाली सरकवलं, तर काही वेळा लोणी खरंच येणार. नियम टिकला यात नवल वाटायला नको.

(दृश्य : पाळणा. त्यावर आडवा ठेवलेला लोखंडी चिमटा. जवळून.)

आणि हा चिमटा. चुलीतला, हातभर लांब. आई विहिरीवर निघाली की तो पाळण्यावर आडवा ठेवायची. उघडला की क्रूसाचा आकार, आणि धातू लोखंड. दोन्हींना ती मंडळी भितात. मंत्र नाही, पुजारी नाही, रोज हातात असलेली वस्तू. चिमटा हाताशी नसला तर बाळाच्या कपड्यात खिळा, उशीखाली सुरी. बाप्तिस्मा झाला नसेल, तर काळजी जास्तच.

भीती अशी की गोंडस मूल उचलून नेतील आणि जागी आपलं कुणीतरी चिडकं, वाळकं, सारखं रडणारं ठेवतील. ओळखायचं कसं? गोष्ट सगळीकडे तीच. आई अंड्याची टरफलं पाण्यात उकळायला ठेवते. पाळण्यातलं विचारतं, काय करतेस? दारू गाळतेय. ते उठून बसतं आणि म्हणतं, पंधराशे वर्षं जगलो, पण टरफलात दारू गाळताना कुणाला पाहिलं नाही! पकडलं गेलं. आई तापलेली सळई उगारते, ते पळतं, आणि पाळण्यात तिचं मूल परत आलेलं असतं.

सळई गोष्टीतच राहायला हवी होती. मार्च १८९५मध्ये टिपररी परगण्यातल्या बॅलीव्हॅडली गावी ब्रिजेट क्लिअरी ही २६ वर्षांची शिवणकाम करणारी बाई आजारी पडली. ही माझी बायको नाही, तिच्या जागी 'त्यांनी' ठेवलेली बदली आहे, असं नवऱ्याने धरलं. दुधात उकळलेली वनस्पती बळजबरीने पाजली, तू खरंच ब्रिजेट आहेस का असं नाव घेऊन पुन्हा पुन्हा विचारलं, चुलीपाशी धरलं, आणि १५ मार्चच्या रात्री नातेवाइकांदेखत तिला जाळलं. नवरा सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेत १९१०पर्यंत तुरुंगात होता.

(दृश्य : संग्रहातली वही. शाईचं मुलाचं अक्षर.)

हे सगळं आपल्याला इतकं तपशिलात माहीत आहे ते या वह्यांमुळे. १९३५मध्ये आयरिश लोककथा आयोग स्थापन झाला आणि १९३७पासून शाळांमधल्या मुलांना काम दिलं : घरी जा, आजीआजोबांना विचारा, लिहून आणा. जवळपास पाच हजार शाळा, पन्नास हजारांवर मुलं. लोणी, नाल, पाय धुतलेलं पाणी, कोणत्या शेतातल्या लिसमधलं झाड कुणी तोडलं आणि त्याचं पुढे काय झालं, सगळं शेताच्या नावानिशी. वह्या आता डब्लिनच्या विद्यापीठात आहेत, आणि duchas.ie वर कुणालाही वाचता येतात.

(दृश्य : ड्रोन. दुसरं शेत. सपाट. गवतात फिकट वर्तुळाची खूण.)

इथेही एक लिस होतं. मोठी यंत्रं आली, शेतं जोडून मोठी करायची होती, बांध एका दुपारी सपाट झाला. कायद्याचं संरक्षण १९३०पासून आहे. पण कायद्याच्या आधी हजार वर्षं या मातीची राखण भीतीने केली, आणि ती जिथे उरली नाही तिथे कागद अपुरा पडला. जिथे लिस अजून आहे, तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला बांधावरूनच सांगितलं, ''माझा विश्वास नाही. पण त्यात फावडं मी घालणार नाही.'' आमच्यासाठीसुद्धा तो आत आला नाही.

(दृश्य : महामार्ग. गाड्या. रस्त्याच्या कडेला कुंपणातलं एक झाड.)

शेवटचं ठिकाण क्लेअर परगण्यातलं लटून. १९९९मध्ये नव्या रस्त्याच्या आखणीत हे हॉथॉर्न येत होतं. कथेकरी एडी लेनिहन यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिलं : मन्स्टर प्रांतातली मंडळी कॉनॉक्ट प्रांतातल्या मंडळींशी लढायला जाताना याच झाडाशी जमतात, हे तोडाल तर या रस्त्यावर माणसं मरतील. पत्राची बातमी जगभर गेली. अभियंत्यांनी आराखड्यात झाडाला जागा ठेवली.

२००२मध्ये रात्री कुणीतरी करवत चालवून त्याच्या फांद्या उतरवल्या. फक्त खोड राहिलं.

(दृश्य : झाड जवळून. मे महिना. आवाज फक्त गाड्यांचा.)

फांद्या पुन्हा आल्या आहेत.