अंतरपाट दूर झाल्यावर: एका फोटोतले दोन उजेड

[दृश्य: मंगल कार्यालय. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात.]

हा क्षण जेमतेम दोन सेकंदांचा. अंतरपाट बाजूला झाला, नवरीने मान वर केली आणि नवरदेव हसला. फोटोग्राफरने तो बरोबर टिपलाय. फोकस चोख, अक्षता हवेत थांबलेल्या. आता नीट बघा. नवरी उभी आहे डावीकडे, कार्यालयाच्या उघड्या दारापाशी. तिच्यावर बाहेरच्या सावलीतला निळसर उजेड पडलाय. नवरदेव उजवीकडे, व्हिडिओवाल्याच्या पिवळ्या लाइटखाली. मधे दोन हातांचं अंतर, पण उजेड दोन वेगवेगळ्या गावचे.

नवरी सावळी आहे, नवरदेव गोरा. या फोटोत ती राखाडी दिसते आणि तो नारिंगी. खरे दोघंही तसे नाहीत.

[दृश्य: स्टुडिओ. स्क्रीनवर तोच फोटो. माउसवरचा हात.]

असा फोटो एडिटिंगला आला की हात सवयीने जातो तो Orange Luminance वर, म्हणजे नारिंगी रंगाचा उजळपणा बदलणाऱ्या स्लायडरवर. स्लायडर वर ढकलला की चेहरा ‘उठतो’, असं सगळे म्हणतात. आपण तो ढकलून पाहू. वीसपर्यंत नेला. नवरी उजळली, पण राखाडीपणा होता तिथेच आहे, आता तो पिठासारखा दिसतोय. गालाचं हाड, नाकाच्या बाजूची सावली, हनुवटीची गोलाई, सगळं सपाट झालं. शिवाय माणसाची त्वचा गोरी असो की काळी, तिचा रंग बहुतेक नारिंगीच्याच पट्ट्यात असतो. त्यामुळे मागच्या मावशी, करवली, भटजी सगळेच एक पायरी उजळले.

दोष तिच्या वर्णात नव्हताच. तो दारातून येणाऱ्या उजेडात होता.

[दृश्य: गालाच्या हाडावरची चमक, अगदी जवळून.]

सावळ्या त्वचेवर हा दोष जास्त का दिसतो, ते या चमकेवरून कळतं. त्वचेवर पडलेल्या उजेडाचा काही भाग आत शिरतो, तिथल्या रंगद्रव्यातून फिरून बाहेर येतो आणि त्वचेचा स्वतःचा रंग घेऊन येतो. काही भाग मात्र वरच्या तेलकट थरावरूनच परततो, आणि तो दिव्याचा किंवा आभाळाचा रंग जसाच्या तसा दाखवतो. गोऱ्या त्वचेत आतून येणारा उजेड भरपूर असतो, म्हणून वरची चमक त्यात मिसळून जाते. सावळ्या त्वचेत आतला भाग कमी, त्यामुळे वरच्या चमकेचा वाटा मोठा होतो. आभाळ निळं असेल तर ती चमक निळी. लोक म्हणतात ‘काळवंडली’. प्रत्यक्षात तिच्या गालावर आभाळ उमटलेलं असतं.

[दृश्य: जुन्या लॅबमधलं प्रिंटिंग मशीन, रंगीत प्रिंट्सच्या पट्ट्या.]

रंग एकाच वर्णाला धरून लावायची सवय आजची नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना नमुना म्हणून एक कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी तरुणी असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. शर्लीची त्वचा प्रिंटमध्ये बरोबर आली की मशीन बरोबर, असा हिशोब. काळ्या माणसांचे तपशील प्रिंटमध्ये बुडून जायचे. आणि असं सांगितलं जातं की गडद छटांत सुधारणा झाली ती लाकडी फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले तक्रार करू लागले तेव्हा. वेगवेगळ्या वर्णांच्या तीन स्त्रिया असलेलं कार्ड यायला 1990 चं दशक उजाडलं. कार्डं गेली, सवय मात्र आजही कित्येक रेडीमेड प्रीसेटमध्ये शिल्लक आहे.

[दृश्य: पुन्हा स्क्रीन. हिस्टोग्रामवर राइट-क्लिक.]

आता काम. लाइटरूम क्लासिक या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, डेव्हलप विभागात. पहिली गोष्ट: काहीही हलवण्याआधी मोजायचं. हिस्टोग्रामवर राइट-क्लिक करून Show Lab Color Values निवडायचं. आता माउस जिथे नेऊ तिथले तीन आकडे दिसतात. L म्हणजे त्वचा किती उजळ. a म्हणजे लालसरपणा, b म्हणजे पिवळेपणा. L चा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. शेवटी तो तितकाच राहिला पाहिजे. फोटो संपेपर्यंत हा कागद कीबोर्डशेजारून हलवायचा नाही.

मोजायचं कुठे, हेही महत्त्वाचं. नवरीच्या चेहऱ्यावर मेकअपचा बेस आहे आणि तो बहुतेक वेळा तिच्या रंगापेक्षा उजळ लावलेला असतो. म्हणून चेहऱ्यावर विसंबायचं नाही. कोपर आणि हिरव्या चुड्याच्या मधला हात घ्यायचा, जिथे मेंदी नाही आणि चमकही नाही. इथे तिचा L आहे 43, a 9, b 8. नवरदेवाचा कानाखालचा भाग घेतला: L 66, a 17, b 29.

या आकड्यांत रोग स्पष्ट दिसतो. साध्या उजेडात निरोगी त्वचेचा b हा साधारणपणे a पेक्षा थोडा जास्त असतो, म्हणजे पिवळा लालपेक्षा जरा पुढे. वर्ण बदलला की L खूप बदलतो, पण a आणि b यांचं एकमेकांशी नातं फारसं बदलत नाही. नवरीच्या बाबतीत b मागे पडलाय, तिच्यातला पिवळा आभाळाने खाल्लाय. नवरदेवाचा b मात्र a च्या पावणेदोन पट झालाय.

[दृश्य: नवरदेवाचा पांढरा सदरा. आयड्रॉपर त्यावर येऊन थांबतो.]

संपूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स लावताना, म्हणजे उजेडाची झाक काढून पांढरं पांढरंच दिसेल असं करताना, पांढरा सदरा हाताशी दिसतो. त्यावर क्लिक करू नका. कपड्याला नीळ दिलेली असते, साबणातही कपडे चमकवणारी द्रव्यं असतात, आणि ती दिवसाच्या उजेडात निळी झाक देतात. त्यावर क्लिक केलं की अख्खा फोटो पिवळा होतो. या फोटोग्राफरने विधी सुरू व्हायच्या आधी ग्रे कार्डचे, म्हणजे कुठलीही झाक नसलेल्या राखाडी कार्डाचे, दोन फोटो काढलेत, एक दारापाशी, एक लाइटखाली. दाराकडच्या उजेडाच्या रंगाचं माप आलं 6200 केल्व्हिन, लाइटखालचं 3600. फोटोभर आपण 4800 ठेवतो. दोघांनाही ते पुरेसं नाही, पण मागच्या पाहुण्यांना चालतं. उरलेलं काम स्थानिक.

[दृश्य: स्क्रीनवर लाल आच्छादन उजवीकडून मधोमध विरत जाताना.]

इथे बरेच जण थेट चेहऱ्याचा मास्क करतात, म्हणजे बदल तेवढ्याच भागात होईल अशी निवड करतात, आणि तिथेच चूक होते. पिवळा लाइट नुसत्या चेहऱ्यावर पडलेला नाही. फेट्यावर आहे, मुंडावळ्यांवर आहे, मागच्या भिंतीवर आहे. फक्त चेहरा दुरुस्त केला तर नारिंगी कॉलरवर गार चेहरा बसतो, जणू कापून चिकटवलेला. म्हणून आधी उजेडाचा मास्क. उजव्या कडेकडून Linear Gradient घेतला, मधे अक्षतांपाशी विरेल इतका लांब, आणि Temp, म्हणजे निळा-पिवळा स्लायडर, उणे 12. डाव्या कडेकडून दुसरा, Temp अधिक 11. हे आकडे केल्व्हिनचे नाहीत, स्थानिक स्लायडर उणे 100 ते अधिक 100 असतो.

आता माणसं. People मधून नवरदेव निवडला, Entire Person, आणि Temp आणखी उणे 6. नवरीसाठी Face Skin आणि Body Skin दोन्ही घेतले, Temp अधिक 5, आणि Tint, म्हणजे हिरवा-किरमिजी स्लायडर, अधिक 3. O दाबून आच्छादन पाहिलं, तर मास्क कुंकवावर आणि नथीच्या मोत्यावर चढलाय. तो Subtract ने काढला. मोत्याचा रंग बिघडला की नजर लगेच अडखळते.

[दृश्य: आकडे, जवळून. मग तिचा गाल.]

पुन्हा मोजू. नवरीचा हात: L 44, a 15, b 19. नवरदेव: L 65, a 13, b 17. दोघांचा b आता a च्या साधारण सव्वा ते दीड पटीत आला. मुद्दाम एकसारखा केलेला नाही, तसा करायचाही नसतो. तिची त्वचा ऊबदार आहे, शिवाय आदल्या दिवशीची हळद दोघांच्या अंगावर थोडी आहेच. ती खरी आहे, राहू द्या.

कागदावर मात्र 43 आहे आणि स्क्रीनवर 44. Temp हलवला की उजळपणा असा एखाद्या आकड्याने सरकतो. एक आकडा डोळ्याला दिसत नाही, पण फोटोमागून फोटो असं होत गेलं की अल्बमच्या शेवटच्या पानावर नवरी वेगळीच दिसते. तिच्या मास्कमध्ये Exposure थोडा खाली, नवरदेवाचा तितकाच वर. 43. 66. जसे होते तसे.

राहिली गालावरची निळी चमक. तिच्यावर छोटा मऊ ब्रश, Temp अधिक 9. Highlights खाली ओढायचे नाहीत, कारण सावळ्या चेहऱ्याला आकार त्या चमकेनेच येतो. तिचा फक्त रंग बदलायचा. हनुवटीखाली उलटं करायचं: तिथे पिवळ्या अष्टपुत्रीचं प्रतिबिंब पडलंय, म्हणून Temp उणे 4. सगळं काढलं तर साडी आणि गळा एकमेकांना ओळखत नाहीत.

[दृश्य: आधीचा आणि नंतरचा फोटो, शेजारी-शेजारी.]

[दृश्य: लॉनवरचा घरच्यांचा ग्रुप फोटो.]

ग्रुप फोटोतही हेच. हिरवळीवर उभं केलं की सगळ्यांच्या जबड्याखाली हिरवी झाक येते, आणि ती आजोबांच्या काळ्या चेहऱ्यावर नातवापेक्षा जास्त दिसते. तिथे प्रत्येकाला वेगळा Temp लागत नाही. सगळ्यांच्या त्वचेचा मिळून एक मास्क, Tint अधिक 6, आणि मग ज्याला उरेल त्याला.

[दृश्य: रिसेप्शनचं स्टेज, जांभळे एलईडी.]

हे इथे मात्र चालत नाही. जांभळ्या एलईडीत हिरवा जवळजवळ नसतोच, आणि कॅमेऱ्यात जो रंग आलाच नाही तो व्हाइट बॅलन्स आणू शकत नाही. डीजेला दहा मिनिटं साधे दिवे लावायला सांगा, कुटुंबाचे फोटो तेवढ्यात उरकून घ्या. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या जेपेगमध्येही फार ताणू नका, गालावर डाग उमटतात.

[दृश्य: करिझ्मा अल्बमची पानं मशीनमधून बाहेर येताना.]

शेवटचा धोका लॅबमध्ये. आपण जपलेला 43 लॅबचं ऑटो करेक्शन एका झटक्यात 50 करू शकतं, आणि मग अल्बमकडे बघून घरचेच म्हणतात, ही आपली पोर वाटत नाही. ऑर्डरवर ‘कलर करेक्शन नको’ असं लिहा. अंतरपाटाच्या पानाचा एक टेस्ट प्रिंट मागवा आणि तो दारापाशी, दिवसाच्या उजेडात बघा, स्टुडिओच्या ट्यूबखाली नको. हात आणि गळा बरोबर आले असतील, तर बाकीची पानं छापायला सोडा.