‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ आणि त्यांच्याआधीचा स्वल्पविराम

श्रोतेहो, एका वर्गात 40 विद्यार्थी आहेत, त्यांपैकी 28 जणांनी शुल्क भरले आहे आणि तेवढ्यांनाच प्रवेशपत्रे मिळाली आहेत, असे समजा. हे इंग्रजीत सांगायचे तर वाक्य होईल : ‘द स्टुडंट्स हू पेड द फी गॉट हॉल तिकिट्स.’ यात स्वल्पविराम कुठेही नाही. आता ‘स्टुडंट्स’नंतर एक आणि ‘फी’नंतर एक असे दोन स्वल्पविराम घाला. ‘द स्टुडंट्स, हू पेड द फी, गॉट हॉल तिकिट्स’ या वाक्याचा अर्थ असा, की प्रवेशपत्रे सगळ्या विद्यार्थ्यांना मिळाली आणि शुल्कही सगळ्यांनी भरले होते. शब्द तेच राहिले, पण आपल्या वर्गापुरते वाक्य खोटे ठरले.

ही चूक मराठी माणसाच्या हातून का होते, हे पाहण्यासारखे आहे. आपण लिहितो, ‘ज्या विद्यार्थ्यांनी शुल्क भरले, त्यांना प्रवेशपत्रे मिळाली.’ इथला स्वल्पविराम दोन उपवाक्यांच्या मधली जागा दाखवतो, एवढेच. विद्यार्थी सगळे की काही, हे तो सांगत नाही. निवडीचे काम ‘ज्या’ आणि ‘त्यांना’ ही जोडी करते. इंग्रजीत अशी जोडी नाही, म्हणून निवड आहे की नाही हे स्वल्पविरामाच्या असण्या-नसण्यावरून कळते. आपली सवय मात्र उपवाक्य दिसले की तिथे थांबण्याची असते.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘हू’ किंवा ‘विच’पासून सुरू होणारा भाग काढून टाकला, तर आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे वाचकाला कळते का? कळत असेल, तर तो भाग जादा माहितीचा आहे आणि तो स्वल्पविरामांत ठेवावा. कळत नसेल, तर तो नामाला चिकटलेलाच राहू द्यावा. वाक्याच्या लांबीचा यात काहीही संबंध नाही. ‘एवढ्याशा वाक्यात स्वल्पविराम कशाला?’ असे पुष्कळांना वाटते. पण ‘माय फादर, हू इज एटी, स्टिल स्विम्स’ या सात शब्दांच्या वाक्यात दोन्ही स्वल्पविराम हवेत, कारण वडील एकच असतात आणि ते कोण हे वयावरून ओळखावे लागत नाही. असा भाग वाक्याच्या मध्ये आला, तर पहिला स्वल्पविराम देऊन दुसरा विसरणे ही आणखी एक नेहमीची चूक. उघडलेला कंस बंद करावा लागतो, तसेच हे आहे.

कधीकधी मात्र उत्तर व्याकरणात नसते, घरात असते. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे इज अ डॉक्टर’ असे स्वल्पविरामाविना लिहिले, तर चोखंदळ वाचक समजेल की लेखकाला आणखी भाऊ आहेत आणि त्यांपैकी पुण्याच्या भावाविषयी तो बोलतो आहे. स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच असावा, असे तो धरून चालेल. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. खरे कोणते, हे लेखकालाच ठाऊक.

‘दॅट’चे काम सोपे आहे. ते निवडीसाठीच वापरतात, म्हणून अशा ‘दॅट’आधी स्वल्पविराम देत नाहीत. ‘द बुक दॅट आय बॉट इज टॉर्न’ बरोबर आहे. ‘बुक’नंतर स्वल्पविराम घातला, तर ते खटकते. याउलट निवडीसाठी ‘विच’ चालते का, यावर वाद आहे. ‘दॅट’ निवडीला आणि ‘विच’ जादा माहितीला ठेवले तर बरे होईल, असे इंग्रज कोशकार फाउलर यांनी इंग्रजीच्या वापराविषयीच्या आपल्या 1926च्या कोशात सुचवले. मात्र बहुतेक लेखक तसे करत नाहीत, हेही त्यांनी तिथेच मान्य केले. अमेरिकी संपादक ही वाटणी पुष्कळ पाळतात, ब्रिटिश तितकी नाही. पण पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 8 डिसेंबर 1941 रोजी, अमेरिकेचेच अध्यक्ष रूझवेल्ट ‘अ डेट विच विल लिव्ह इन इन्फमी’ असे बोलून गेले आणि त्यात कोणाला अशुद्ध वाटावे असे काही नाही. तेव्हा ‘विच’ दिसले की स्वल्पविराम, असे यांत्रिकपणे करू नये.

‘ही सेड दॅट’मधले ‘दॅट’ वेगळे. ते आपले ‘की’ आहे. मराठीत ‘की’आधी स्वल्पविराम देण्याची पद्धत आहे, तीच इंग्रजीत नेऊन आपण ‘सेड’नंतर स्वल्पविराम देतो. तिथे तो नको.

शेवटी एक उदाहरण, ज्यात ‘विच’आधीचा स्वल्पविराम टाळताच येत नाही. ‘ही मिस्ड द ट्रेन, विच ॲनॉइड हिज फादर.’ इथे ‘विच’चा संबंध गाडीशी नाही, मुलाची गाडी चुकली या सगळ्या घटनेशी आहे. तो स्वल्पविराम काढला, तर वडिलांना वैताग आणणारी कुठलीशी एक गाडी होती आणि नेमकी तीच मुलाची चुकली, असे वाक्य सांगू लागते.