चार कागद आणि एक धडा: जिगसॉ पद्धतीविषयी

श्रोतेहो, नमस्कार. आजचे भाषण प्रामुख्याने शिक्षकांसाठी असले, तरी घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही ते उपयोगी पडेल, कारण ज्या पद्धतीविषयी मी बोलणार आहे ती आता अनेक शाळांत वापरली जाते आणि ‘आज बाईंनी शिकवलेच नाही, आम्हीच एकमेकांना शिकवले’ असे सांगत मुले घरी येतात.

या पद्धतीला जिगसॉ पद्धत म्हणतात. वर्गाचे चार-चार मुलांचे गट करायचे. त्यांना आपण मूळ गट म्हणू. धड्याचेही चार भाग करायचे आणि प्रत्येक मूळ गटातील एकेका मुलाला एकेक भाग द्यायचा. मग एकच भाग मिळालेली निरनिराळ्या गटांतील मुले एकत्र बसतात, तो भाग नीट समजून घेतात आणि तो दुसऱ्याला कसा सांगायचा ते ठरवतात. हा झाला तज्ज्ञ गट. त्यानंतर प्रत्येक जण आपल्या मूळ गटात परततो आणि आपला भाग उरलेल्या तिघांना शिकवतो. शेवटी चाचणी होते, ती सगळ्या धड्यावर आणि प्रत्येकाची स्वतंत्रपणे. पुन्हा सांगतो, म्हणजे ऐकताना घोटाळा होणार नाही: आधी मूळ गट, मग तज्ज्ञ गट, मग परत मूळ गट, आणि शेवटी एकेकट्याची चाचणी.

ही पद्धत १९७१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात आकाराला आली. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगवेगळ्या भरणाऱ्या शाळा तेथे नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत मोठा ताण होता. एलियट ॲरन्सन हे मानसशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांसह त्या वर्गांत जाऊन बसले. शिक्षकाने प्रश्न विचारायचा, सहा-सात मुलांनी हात उंचावायचे आणि एकाचे उत्तर चुकले की बाकीच्यांनी मनातून खूश व्हायचे, ही वर्गाची रोजची रीतच त्या ताणाला खतपाणी घालते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून धड्याचा प्रत्येक भाग एकेका मुलाच्याच हाती राहील, अशी व्यवस्था त्यांनी केली. सोबत्याचे ऐकल्यावाचून आपला धडा पुरा होत नाही, ही या पद्धतीतील खरी सक्ती आहे.

पण याच सक्तीत तिचा मोठा धोकाही आहे आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे. एक भाग एकाच मुलाजवळ असेल आणि त्याने तो चुकीचा समजून घेतला असेल, तर मूळ गटात त्याची चूक दुरुस्त करणारे कोणीच नसते. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाकडून काही चुकले, तर निदान पुस्तक उघडून पाहता येते. येथे बाकीच्या तिघांनी ते पान पाहिलेलेच नसते. त्यामुळे ही पद्धत तरते किंवा बुडते ती तज्ज्ञ गटात. मूळ गटात नव्हे, तज्ज्ञ गटात.

मध्य मुंबईतील मराठी माध्यमाच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात मागे बसून मी पाहिलेला एक तास आता सविस्तर सांगतो. जुलैचे पावसाळी दिवस होते. वर्गात ४३ मुले हजर होती. बाईंनी दहा मूळ गट केले, सात गट चौघांचे आणि तीन गट पाच जणांचे. पाचवे मूल कोठे घालायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते. ज्याला वाचताना अडखळायला होते त्याच्या जोडीला ते द्यायचे आणि त्या दोघांनी मिळून एकच भाग सांगायचा. बाके जड आणि खोली लहान असल्यामुळे पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसले की मूळ गट तयार होत असे. विषय होता रक्ताचे घटक, आणि या विषयाचे भाग फार चांगले पडतात: रक्तद्रव, लोहित रक्तकणिका, श्वेत रक्तपेशी आणि रक्तपट्टिका. यांतील कोणताही भाग दुसरा न वाचता समजू शकतो. हृदयाकडून फुप्फुसांकडे आणि तेथून परत हृदयाकडे जाणारा रक्ताचा मार्ग मात्र असा तोडता येत नाही, कारण दुसरा टप्पा कळायला पहिला कळावा लागतो. असे धडे या पद्धतीला देऊच नयेत.

जोडतास ७० मिनिटांचा होता. आठ मिनिटे प्रत्येकाने आपला कागद एकट्याने वाचला. नंतर वीस मिनिटे तज्ज्ञ गटांसाठी होती. एका भागाचे दहा-अकरा जण एकत्र बसले तर तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात, म्हणून बाईंनी प्रत्येक भागाचे दोन तज्ज्ञ गट केले आणि त्यांतील काही व्हरांड्यात बसवले. कोणालाही तक्ता रंगवायला दिला नव्हता, याचा मला मनापासून आनंद झाला. गटात काम म्हटले की कार्डशीट आणि स्केचपेन काढायची जी सवय आपल्या शाळांना लागली आहे, तिच्यात विचार करण्याचा वेळ अक्षरे कोरण्यात जातो, असे माझे ठाम मत आहे.

व्हरांड्यात रक्तपट्टिकांचा एक गट बसला होता, पाच मुलांचा. त्यात एक चुणचुणीत मुलगी होती. आदल्या पावसाळ्यात तिच्या आतेभावाला डेंग्यू झाला होता आणि ती आईबरोबर रुग्णालयात जात असे. मुंबईत पावसाळ्यात ‘प्लेटलेट्स’ हा शब्द घरोघर पोचलेला असतो, त्यामुळे रक्तपट्टिका म्हणजे प्लेटलेट्स हे वाचताच ती म्हणाली, “हे मला माहीत आहे. प्लेटलेट्स तापाशी लढतात आणि लढता लढता कमी होतात.” तिच्या बोलण्यात इतका विश्वास होता की बाकीच्या चौघांनी कागदाकडे पुन्हा पाहिलेही नाही. सर्वांनी वहीत लिहून घेतले: रक्तपट्टिका तापाशी लढतात.

आता हिशेब करा. ही पाच मुले पाच मूळ गटांत परतणार होती आणि प्रत्येक गटात किमान तिघे ऐकणारे होते. म्हणजे एका व्हरांड्यातील एक चुकीचे वाक्य पुढच्या वीस मिनिटांत आणखी पंधरा-सोळा मुलांच्या वह्यांत गेले असते आणि तेथे ते खोडून काढणारे कोणी नव्हते.

बाई फिरत फिरत या गटाजवळ आल्या. त्यांनी ‘समजले का?’ असे विचारले नाही. या प्रश्नाला मुले नेहमी ‘हो’ म्हणतात आणि त्यातून काहीही कळत नाही. गटात सर्वांत गप्प बसलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, “कागद पालथा घाल. मी तुझ्या मूळ गटातली मुलगी आहे असे समज आणि मला शिकव.” त्याने वहीतले वाक्य सांगितले. बाईंनी ते चूक आहे असे म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “हे वाक्य कागदावर कोठे आहे, त्यावर बोट ठेवून दाखव.” पाच बोटे कागदावर फिरू लागली. वाक्य सापडेना. सापडले ते वेगळेच: रक्तपट्टिका अतिशय लहान आणि तबकडीच्या आकाराच्या असतात, रक्ताच्या एका घनमिलीमीटरमध्ये त्या सुमारे अडीच ते चार लाख असतात, आणि रक्त गोठण्याच्या क्रियेत त्या भाग घेतात.

ती मुलगी मात्र हटून बसली आणि ते योग्यच होते. ती म्हणाली, “पण बाई, मग डेंग्यूत डॉक्टर त्या रोज का मोजत होते?” बाई म्हणाल्या, “रक्त गोठवणाऱ्या पट्टिका फार कमी झाल्या, तर शरीरात काय बिघडेल?” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो गप्प मुलगा म्हणाला, “लागले तर रक्त थांबणार नाही.” त्यावर ती मुलगी एकदम म्हणाली, “म्हणूनच डॉक्टर आत्याला रोज विचारत होते, हिरड्यांतून रक्त येते का!” पाचही जणांनी वहीतले वाक्य खोडले आणि नवे लिहिले. तिच्या भावाची गोष्ट त्यांनी टाकून दिली नाही. कागदावरच्या मजकुराशी तिची बरोबर सांगड घातली.

पुढची चोवीस मिनिटे मूळ गटांसाठी होती, प्रत्येक भागाला सहा मिनिटे. त्या मुलीच्या गटात श्वेत रक्तपेशींचा भाग एका मुलाकडे होता. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंवर या पेशी हल्ला करतात असे त्याने सांगताच ती म्हणाली, “म्हणजे लढणे तुझ्याकडे आणि रक्त थांबवणे माझ्याकडे.” दोन भाग एकमेकांना जोडणारे हे वाक्य कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

शेवटी दहा मिनिटांची चाचणी झाली. प्रत्येक भागावर दोन असे आठ प्रश्न होते आणि एक प्रश्न असा होता: डेंग्यूच्या रुग्णाला हिरड्यांतून रक्त येते का, हे डॉक्टर का विचारतात? व्हरांड्यातील पाच मुले ज्या गटांत परतली होती तेथील बहुतेकांनी कारण लिहिले. रक्तपट्टिकांचा दुसरा तज्ज्ञ गट वर्गात बसला होता, त्याने कागद अचूक वाचला होता, पण त्यांच्याकडून शिकलेल्या बऱ्याच मुलांनी ‘रक्तपट्टिका’ एवढाच शब्द लिहून सोडून दिला. म्हणून मी शिक्षकांना आवर्जून सांगतो की वीस मिनिटांत आठही तज्ज्ञ गटांजवळ जा, आणि प्रत्येक ठिकाणी कागद पालथा घालायला लावून एका मुलाकडून भाग ऐका, शक्यतो सर्वांत गप्प मुलाकडून. कागद पालथा, आणि सर्वांत गप्प मूल.

या पद्धतीची एक मर्यादा तिच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे. मुलाला स्वतः शिकवलेला भाग पक्का येतो आणि सोबत्याकडून ऐकलेला त्यामानाने कच्चा राहतो. रॉबर्ट स्लॅव्हिन यांनी पुढे या पद्धतीचे जे दुसरे रूप तयार केले, त्यात याच कारणासाठी सर्व मुले आधी संपूर्ण धडा वाचतात आणि मग एकेका भागाचे तज्ज्ञ होतात. त्या बाईंनी हेच काम दुसऱ्या दिवशी केले. चारही कागद सर्वांना दिले आणि ज्या भागावरचे उत्तर चुकले असेल तोच भाग पुन्हा वाचायला सांगितला. चाचणीचे गुणही ज्याचे त्यालाच दिले, गटाला नाही. हे मला फार आवश्यक वाटते, कारण सर्वांना सारखे गुण मिळणार असले की एक मूल राबते आणि तिघे त्याच्या वहीत डोकावतात.

पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की निम्मा वर्ग गैरहजर राहतो, तेव्हा काय करावे, असे शिक्षक विचारतात. तज्ज्ञ गट आज आणि मूळ गट उद्या अशी विभागणी त्या महिन्यांत करू नये. जोडतास मिळत असेल तरच हा धडा घ्यावा. त्यातूनही एखाद्या मूळ गटात एका भागाचे मूल आलेच नसेल, तर त्या गटाने त्या भागापुरते शेजारच्या गटात जाऊन बसावे. तो भाग शिक्षकाने स्वतः सांगायला बसू नये, कारण तेवढ्या वेळात बाकीच्या नऊ गटांत काय सांगितले जाते आहे ते ऐकायला कोणी उरत नाही. नमस्कार.