कुरडईचं खोकं

(पहाट. अंगणातली चूल, पातेल्यातून वाफ.)

कोरेगाव तालुक्यातलं हे अंगण. एप्रिल महिना, पहाटेचे साडेपाच. पातेल्यात शिजतोय तो गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजला, रोज पाणी बदललं, मग वाटला, गाळला. काल रात्रभर चीक तळाशी बसला आणि वरचं पाणी आज सकाळी ओतून दिलं. आता मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात चीक पडतो आणि दोघीजणी लाकडी दांड्याने तो घाटतात. हात थांबला की गाठी होतात.

(सोऱ्या. जुन्या साडीवर कुरडई पडताना, अगदी जवळून.)

शिजलेला चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की सोऱ्या फिरत नाही, हात भरून येतात. म्हणून तीन जणी सोऱ्यावर आहेत, एक चीक आणून देते आणि पाचवी साडीच्या कडा दगडांनी दाबून ठेवते. ऊन चढायच्या आत शेकडो कुरडया पडतात.

हाताचा पंजा जवळ आहे म्हणून अंदाज येईल, ही कुरडई लहान आहे, वाटीच्या तोंडाएवढी. या गावात कुरडई बशीएवढी घालायची पद्धत. या पाच जणींच्या सासवांनी तशीच घातली. ती लहान का झाली, त्याची ही गोष्ट आहे.

(मोबाइलचा पडदा. बोटाने सरकणारा कॅटलॉग.)

व्हॉट्सॲप बिझनेसचं ॲप फुकट मिळतं. त्यात दुकानासारखा कॅटलॉग करता येतो. फोटो, नाव, भाव, दोन ओळी माहिती. धाकट्या सूनबाईंनी पहिल्या वर्षी तो केला तेव्हा फोटो साडीवरचेच होते, शेकडो कुरडया एका चौकटीत. फोटो देखणे होते, पण विचारणाऱ्यांचे प्रश्न संपेनात. किलोत किती बसतात? केवढी असते? तेल किती पिते? एका ऑर्डरमागे वीस-वीस निरोप व्हायचे.

आताचा फोटो बघा. काळा पाट, त्यावर एक कच्ची कुरडई, शेजारी तळून फुललेली तीच कुरडई आणि मापाला चहाची बशी. खाली लिहिलंय: ‘अर्धा किलो, साधारण ५० नग. नुसतं मीठ आणि हिंग, रंग नाही. कुरिअर वेगळं.’ पाकिटाचाही एक फोटो आहे, मागची बाजू वाचता येईल असा. त्यावर तयार केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आहे. घरगुती माल असला तरी ही नोंदणी लागते. फोटो बदलल्यावर प्रश्न थांबले आणि सरळ ऑर्डरी येऊ लागल्या.

(इन्स्टाग्रामवरचं रील. कढईत कुरडई फुलते.)

इन्स्टाग्रामवर हे रील सूनबाईंनी टाकलं. पंधरा सेकंद, कढईतली एकच कुरडई, मागे कुठलंही गाणं नाही, फक्त तेलाचा आवाज. प्रोफाइलवर wa.me/91 आणि पुढे दहा आकडी नंबर अशी लिंक आहे. तिच्यावर बोट ठेवलं की सरळ यांचं चॅट उघडतं, नंबर सेव्ह करावा लागत नाही. रील पुण्या-मुंबईत पोचलं आणि आठवड्यात चाळीस ऑर्डरी आल्या.

(खोकी. सगळी एका कोपऱ्यात रचलेली, मोठी.)

तोवर हिशोब असा होता. दहा किलो गव्हाच्या एका घाण्यातून पाच किलो कुरडई निघते. गहू चारशे रुपये, मीठ-हिंग चाळीस, वाटण आणि सरपण एकशे साठ. पाच जणींची मजुरी आठशे. ही मजुरी त्यांनी पहिल्या दिवसापासून खर्चात धरली, आणि मला वाटतं या हिशोबातला सगळ्यात शहाणपणाचा आकडा तोच आहे. घरच्या बाईचे हात फुकट धरले की कुठलाही भाव परवडल्यासारखा दिसतो. घाण्याचे एकूण चौदाशे, म्हणजे किलोला २८०. पाकीट, खोकं, चिकटपट्टी चाळीस. झाले ३२०. कॅटलॉगवर भाव ४२०. किलोमागे शंभर रुपये राहायला हवे होते.

महिनाअखेर कुरिअरचं बिल आलं आणि शंभर राहिलेच नाहीत.

(वजनकाटा. त्यावर खोकं. काटा एक किलो तीनशे दाखवतो.)

काट्यावर खोकं दीड किलोच्याही आत. गिऱ्हाइकाकडून कुरिअरचे ऐंशी रुपये घेतलेले. बिलात मात्र त्याच खोक्याचं वजन चार किलो लावून १९० रुपये. वहिनींना वाटलं, चूक झाली. त्या खोकं घेऊन कुरिअरच्या खिडकीवर गेल्या. तिथल्या मुलाने मोजपट्टी काढली आणि त्यांच्यासमोर गुणाकार केला.

(मोजपट्टी, खोक्याच्या तिन्ही बाजू.)

लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची २०. गुणाकार अठरा हजार. त्याला पाच हजारांनी भागायचं, उत्तर ३.६. हे आकारमानाचं वजन. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्यावर कुरिअरवाले पैसे घेतात, कारण गाडीत जागा अडते ती खोक्याने. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यात ३.६ चे झाले चार. डाळ किंवा मसाला विकणाऱ्याला हे कधी कळणारही नाही, त्यांचा माल जड असतो. कुरडई म्हणजे निम्मी हवा. १९० मधून ऐंशी गेले, एकशे दहा रुपये यांच्या खिशातून. किलोमागे शंभर मिळवायचे आणि एकशे दहा घालवायचे. चाळीस ऑर्डरी गेल्या, प्रत्येकीवर दहा रुपये तोटा. वर मोडक्या कुरडयांच्या तक्रारी, कारण बशीएवढी कुरडई मोठ्या खोक्यात हलते आणि कडेने तुटते.

मोठ्या काकूंनी यावर सुचवलं ते साधं होतं. ‘खोकं बारीक करायचं तर कुरडईच बारीक घालू की.’

(सोऱ्या पुन्हा. काकूंचे हात. वाटी पालथी ठेवून मापाची खूण.)

सोऱ्याचे दोन वेढे कमी. सुरुवातीला साडीवर पालथ्या वाटीने हळदीच्या खुणा केल्या, हाताला सवय होईपर्यंत. या मापाच्या कुरडया एकात एक बसतात, चवडीसारख्या रचता येतात. किलोभर माल आता २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात मावतो. गुणाकार साडेसात हजार, भागाकार दीड. बिल येतं ९५ रुपये, गिऱ्हाइकाकडून शंभर घेतात. वरचे पाच रुपये एका डब्यात जातात आणि मोडक्या मालाची भरपाई त्यातून होते. शेवटी खोकं हलवून बघतात. आतून आवाज आला की उघडून वर कागदाचा थर वाढवायचा.

(मोबाइलचा पडदा. चॅटच्या यादीवर रंगीत लेबलं.)

ऑर्डर कशी पुढे सरकते ते बघा. एकाच नंबरवर दोन मोबाइल जोडलेले आहेत, एक सूनबाईंकडे, एक वहिनींकडे. निरोप आला की सूनबाई ‘/patta’ टाइप करतात आणि आधी साठवलेला मजकूर समोर येतो: नाव, पिनकोडसह पूर्ण पत्ता, फोन, काय आणि किती हवं ते एकाच निरोपात पाठवा. तुकड्यातुकड्याने आलेला पत्ता चिठ्ठीवर उतरवताना चुकतो, म्हणून हा आग्रह.

मग लेबल. नवीन, पैसे यायचे, पैसे आले, पाठवलं, पोचलं. ‘पैसे आले’ हे लेबल फक्त वहिनी लावतात, तेही बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावर. एकदा १,२६० रुपयांचा स्क्रीनशॉट आला होता, हिरवी खूण, तारीख, वेळ, सगळं बरोबर. खात्यात काहीच नव्हतं आणि तीन किलोचं पार्सल निघून गेलं होतं. तेव्हापासून स्क्रीनशॉट कुणी उघडतही नाही.

(भिंतीवर खिळ्याला टांगलेली वही.)

लेबलं असली तरी ही वही आहेच. डाव्या पानावर वाळलेला माल, उजव्या पानावर पैसे आलेल्या ऑर्डरी. डावी बेरीज उजवीपेक्षा कमी व्हायला लागली की ऑर्डर घेणं बंद. साडीवर पडलेली कुरडई मालात धरत नाहीत. दोन-तीन उन्हं खाल्ली, मोडून बघितली आणि कट् आवाज आला, की मगच ती डाव्या पानावर चढते. वाकली तर परत उन्हात. अर्धी ओली कुरडई पाकिटात बंद झाली की चार दिवसांत बुरशी धरते, आणि ती दिसते गिऱ्हाइकाच्या घरी.

(पुन्हा रील. खाली लाइकचे आकडे.)

जाहिरातीचा अनुभवही वहीत आहे. दोन हजार रुपये भरून रील पुढे ढकललं, अकरा ऑर्डरी आल्या. एका ऑर्डरीला १८२ रुपये पडले. बहुतेकांनी एकच किलो घेतला, शिल्लक शंभर. जाहिरात तिथेच थांबवली. आता प्रत्येक खोक्यात चिठ्ठी असते: ‘आमचा नंबर सेव्ह करा, पुढचा घाणा कळवू.’ ही चिठ्ठी कामाची आहे, कारण ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. एका यादीत २५६ नावं बसतात. यांची दुसरी यादी सुरू झाली आहे. अनोळखी नंबर गोळा करून निरोप धाडायचे नाहीत, हे ठरलेलं आहे. लोकांनी तक्रार केली तर नंबरच बंद होतो, आणि यांचं सगळं दुकान त्या एका नंबरात आहे.

व्यापारी याच कुरडईला किलोला तीनशे देत होता. यंदा १४० किलो गेली, मजुरी सोडून चौदा हजार शिल्लक राहिले, पाच जणींनी वाटून घेतले.

(दुपार. पश्चिमेकडून ढग. साड्या फडफडतात.)

तिसरा प्रहर. वळवाचं आभाळ आलंय. दोन साड्यांवरच्या कुरडयांना अजून एक ऊन हवं होतं. चौघी साड्यांची चार टोकं धरतात, काकू आत घोंगडी अंथरतात.

सूनबाई उंबऱ्यात उभ्या आहेत. कॅटलॉग उघडतात, कुरडईवर बोट ठेवून ती लपवतात. आता बाहेरून बघणाऱ्याला तिथे फक्त सांडगे आणि भुसवड्या दिसतील.

(पहिले थेंब. रिकामं अंगण, कोपऱ्यात सोऱ्या.)

पहाटे आलेल्या सहा ऑर्डरींना त्या उत्तर लिहितात: ‘पाऊस आलाय. माल वाळला की कळवते, पैसे तेव्हाच पाठवा.’