सभेची जुनी लिंक आणि जुना टॅब

(फोंडा येथे वाचनालये आणि सांस्कृतिक संस्थांच्या कार्यवाहांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्या संस्थांचे निम्मे सभासद आता मुंबई-पुण्याला असतात, म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभा सभागृहात आणि झूमवर एकदमच भरते. गेल्या वर्षीची लिंक व्हॉट्सॲप गटात असतेच, तीच पुन्हा पुढे पाठवली जाते. सभेच्या वेळी दहा-पंधरा जण बाहेर अडकतात आणि सगळे म्हणतात, ‘नेटवर्क नाही.’ पुष्कळदा नेटवर्क ठीक असते. पडद्यावर काय लिहून आले ते वाचून घ्यायला सांगा, कारण तिथेच उत्तर असते.

मीटिंगचा क्रमांक चुकीचा आहे असे आले, तर लिंक मेली आहे. झूमवर एकदाच ठरवलेल्या बैठकीचा क्रमांक ठरलेल्या तारखेनंतर 30 दिवसांनी आणि वारंवार होणाऱ्या बैठकीचा शेवटच्या वापरानंतर 365 दिवसांनी बाद होतो. वर्षातून एकदाच भरणाऱ्या सभेला हा दुसरा नियम नेमका नडतो: गेल्या वर्षी जुलैअखेर सभा झाली आणि यंदा ऑगस्टमध्ये आहे, म्हणजे मुदत उलटली. क्रमांक बरोबर असून पासकोड मागितला, तर लिंकचे शेपूट पाहा. `pwd=` च्या पुढची अक्षरे कॉपी करताना तुटली असतील, किंवा मधल्या काळात पासकोड बदलला असेल. दोन्ही बाबतींत नवी लिंक काढून पाठवणे हाच उपाय.

तिसरा संदेश असतो ॲप अपडेट करा असा, आणि खरी अडचण इथे आहे. नोव्हेंबर 2021 पासून झूमचा नियम असा, की नऊ महिन्यांहून जुन्या आवृत्तीला आत घ्यायचे नाही. ही किमान आवृत्ती दर तीन महिन्यांनी वर सरकते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी. म्हणजे शुक्रवारच्या तालमीत नीट चाललेला टॅब रविवारच्या सभेत दाराबाहेर राहू शकतो. माझे स्पष्ट मत आहे, की या चार शनिवार-रविवारी मोठी सभा ठेवूच नये.

आता एक उदाहरण धरू. एका ज्येष्ठ सभासदाकडे पहिल्या पिढीचा आयपॅड एअर आहे. तो आयओएस 12 च्या पुढे जातच नाही. ॲप स्टोअर अशा वेळी ‘या उपकरणावर चालणारी शेवटची आवृत्ती’ देऊ करते, सभासद ती उतरवतात आणि आपण अपडेट केले असे समजतात. पण ती आवृत्ती तिथेच गोठलेली असते आणि किमान आवृत्ती दर तिमाहीला वर जाते. एकदा ती पुढे गेली, की त्या आयपॅडवर कितीही वेळा ॲप काढून घाला, उपयोग नाही. घरच्या कुणाचा तरी नवा फोन त्या दिवसापुरता ठरवून ठेवा, त्याला पर्याय नाही.

वाचनालयातल्या विंडोज 7 च्या संगणकाचीही तीच गत. ‘ब्राउझरमधून चालेल की’ असे म्हणतात, पण त्यावर क्रोम 109 च्या पुढे जात नाही. अँड्रॉइड 7 च्या फोनवर क्रोम 119 ला थांबते. ब्राउझरचा आधार घ्यायचाच असेल, तर यजमानाच्या सेटिंगमध्ये ब्राउझरमधून येण्याची लिंक दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि प्रत्यक्ष त्याच संगणकावर `zoom.us/test` उघडून आवाज-चित्र तपासा.

तपासणी दहा दिवस आधी करा. त्याच दिवशी नवी लिंक काढा आणि गटात जुना संदेश पिन केलेला असेल तर तो काढा. ज्यांच्याकडे जुने उपकरण आहे त्यांना सेटिंग्जमधील अबाऊटच्या पानाचा स्क्रीनशॉट मागा. अँड्रॉइड किंवा आयओएसचा आकडा तिथे दिसतो. तो आकडा झूमच्या सध्याच्या किमान गरजेशी ताडून पाहा. सभागृहातला लॅपटॉप मात्र आठवडाभर आधी अपडेट करून, एक पूर्ण तालीम घेऊन, मग तसाच राहू द्या. विंडोज अपडेट त्या आठवड्यापुरते थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरा. आपल्याकडे पावसात वीज जाते आणि बॅटरी उतरलेला लॅपटॉप पुन्हा सुरू होताना नेमके अपडेट बसवायला घेतो.

एवढे करूनही दोन-चार जण राहतील. त्यांच्यासाठी सभा यूट्यूबवर थेट दाखवता येते, मात्र त्यासाठी झूमचे पैसे भरलेले खाते लागते आणि नव्या चॅनेलवर थेट प्रक्षेपण सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. आदल्या रात्री बसू नका. शिवाय तिथून फक्त पाहता येते. ठरावावर हात वर करता येत नाही, त्यामुळे अशा सभासदांना मतदानात कसे धरायचे हे घटना पाहून सूचनापत्र काढण्याआधीच ठरवावे लागते.