हरलेल्या निविदाकाराला पाठवायचं पत्र
(पुण्यात खरेदी विभागातल्या कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानातला भाग)

चाकणच्या एखाद्या कारखान्याने कॅन्टीनसाठी दोन लिफाफ्यांची निविदा काढली, असं धरू. तीन ठेकेदार आले. एकाला काम मिळालं, दुसऱ्याचा दर जास्त निघाला आणि तिसरा तांत्रिक छाननीतच अडकला. आपण काय करतो? उरलेल्या दोघांना एकच ईमेल: ‘आपली निविदा स्वीकारता येत नाही याबद्दल खेद आहे.’ आणि घाईत दोघांचे पत्ते एकमेकांना दिसतील असा! मग दोघं फोनवर बोलतात आणि तर्क सुरू होतात.

दोघांची कारणं वेगळी आहेत, तर पत्रंही वेगळी हवीत. तिसऱ्याला असं लिहा: ‘तांत्रिक छाननीत आपल्या निविदेला 100 पैकी 54 गुण मिळाले. दराचा लिफाफा उघडण्यासाठी किमान 60 गुणांची अट होती. त्यामुळे आपला दराचा लिफाफा उघडलेला नाही.’ हे पत्र इतरांचे दर उघडण्याआधी जायला हवं. नंतर गेलं, तर दर बघून आपल्याला बाजूला काढलं असं त्याला वाटणारच. दुसऱ्याला निवडलेल्या ठेकेदाराचं नाव, मंजूर रक्कम आणि त्याची स्वतःची रक्कम कळवा. मात्र नाव आणि रक्कम जाहीर होईल, हे निविदेच्या अटींतच लिहिलेलं असावं.

‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ हे शब्द मला अजिबात आवडत नाहीत. त्यातून कारण कळत नाही, संशय मात्र वाढतो. ‘आपली निविदा उत्तम होती, पण’ हेही नको. उद्या वाद झाला तर तेच वाक्य तो तुमच्यापुढे धरेल. कारण नेहमी छापलेल्या अटीतलंच द्यावं.

बयाणा रक्कम कधी परत मिळेल, तेही त्याच पत्रात सांगा. लहान ठेकेदाराला सगळ्यात आधी तेच हवं असतं. केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमांत काम दिल्यापासून 30 दिवसांची कमाल मुदत आहे. तांत्रिक टप्प्यात बाद झालेल्याला त्या टप्प्याच्या निकालापासून 30 दिवस.

शेवटी डीब्रीफिंगचं, म्हणजे निविदा का नाकारली ते समजावून सांगण्याच्या बैठकीचं निमंत्रण. ‘हवं असल्यास संपर्क साधा’ एवढं पुरत नाही. कोणाकडे, किती दिवसांत मागायचं ते लिहा. जागतिक बँकेच्या पद्धतीत निविदाकाराने कामकाजाच्या 3 दिवसांत लेखी मागणी केली, तर साधारण कामकाजाच्या 5 दिवसांत बैठक देतात. बैठकीला छाननी समितीतला माणूस हवा, नुसता खरेदी विभाग नको. चर्चा त्याच्याच निविदेची: अनुभवाच्या 25 गुणांत 10 का? कारण पूर्णत्वाचे तीन दाखले मागितले होते, जोडला एकच. प्रतिस्पर्ध्याच्या दराची फोड विचारली, तर नम्रपणे नाही म्हणा. आणि तो ‘दाखला आत्ता देतो’ म्हणाला, तरी घेऊ नका. गुण बदलायची ती जागा नाही. त्याची तक्रार असेल तर ती लेखी, तक्रारीच्या वेगळ्या वाटेने जाईल. बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी फाइलला लावा.